तयार कोड न देता एकमेकांना मदत कशी करायची? अभ्यासगटाला पाठवायचा एक मेसेज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्समध्ये किंवा एमसीएला असलेल्या वाचकांकडून दर सत्रात तेच प्रश्न येतात. "मैत्रिणीचा प्रोग्रॅम चालत नव्हता, म्हणून मी माझा फक्त बघायला दिला. यात कॉपी कुठे झाली?" "आम्ही चौघांनी मिळून फळ्यावर सोडवलं. चौघांचा कोड सारखा आला तर दोष कोणाचा?" आणि तिसरा प्रश्न: "कोड दाखवायचाच नसेल, तर अभ्यासगट करायचा कशाला?"

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की पहिले दोन आपोआप सुटतात. प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये अडलेल्या माणसाला बहुतेक वेळा तयार कोडची गरज नसते. आपला प्रोग्रॅम नेमका कोणत्या इनपुटला चुकतो आणि का चुकतो, एवढंच त्याला कळत नसतं. ते कळण्यासाठी दुसऱ्याच्या उत्तराकडे पाहावं लागत नाही. दुसऱ्या कोणीतरी आपल्या कोडकडे पाहिलं तरी पुरतं.

मदतीची ही दिशाच गटाचा नियम करा: ज्याचं काम पूर्ण होऊन जमा झालं आहे त्याने अडलेल्याचा कोड पाहावा; अडलेल्याने कधीही पूर्ण झालेला कोड पाहू नये; आणि कीबोर्ड नेहमी ज्याचा कोड त्याच्याच हातात असावा. पुढे दिलेला मेसेज आणि बाकी सगळी चर्चा याच वाक्याभोवती आहे.

मेसेजच्या आधी: सरांना किंवा मॅडमना चार प्रश्न

गटाचा नियम कितीही चांगला असला तरी विषय शिकवणाऱ्यांचा नियम त्याच्या वरचा असतो, आणि तो प्रत्येक विषयात वेगळा असू शकतो. काही जण युजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांचा हवाला देतात. "दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं" असं त्यातून ऐकलेलं असतं. ते नियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. त्यामुळे लॅबच्या असाइनमेंटला दहा टक्क्यांची सूट लावून स्वतःची समजूत घालू नका. तिथे कॉलेजचा, विभागाचा आणि विषय शिकवणाऱ्यांचा नियम चालतो.

हा नियम कुठे लिहिलेला नसेल, तर ग्रुपवर मेसेज टाकण्यापूर्वी एकाने जाऊन विचारावं. प्रश्न एवढेच:

- असाइनमेंटवर तोंडी चर्चा चालेल का?
- इनपुट आणि अपेक्षित आउटपुट एकमेकांना देता येईल का, की चाचण्या तयार करण्यालाही गुण आहेत?
- स्वतःची असाइनमेंट जमा केल्यावर मित्राच्या कोडमधली चूक शोधायला मदत केली तर चालेल का?
- मदत घेतल्याची नोंद कोडच्या सुरुवातीला लिहिली तर चालेल का?

तिसरा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारा. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या अभ्यासक्रमाच्या नियमांत नेमका हाच फरक केलेला आहे. आपला भाग जमा केल्यानंतर सहाध्यायाचा कोड पाहून, चालवून त्यातली चूक ओळखायला मदत करणं तिथे चालतं. आपला भाग जमा करण्याआधी दुसऱ्याचं उत्तर पाहायला मागणं चालत नाही, आणि अडलेल्याला आपलं उत्तर दाखवणंही चालत नाही. तुमच्या विषयात याहून कडक नियम असेल, तर पुढच्या मेसेजमधली तिसरी ओळ काढून टाका. बाकी मेसेज तसाच राहू द्या.

मेसेज

हा नमुना सी भाषेतल्या लिंक्ड लिस्टच्या असाइनमेंटसाठी लिहिला आहे. विषय बदला, माणसांची संख्या बदला, पण लांबी वाढवू नका. व्हॉट्सॲपवर दोनदा बोटाने सरकवावा लागणारा मेसेज कोणी पूर्ण वाचत नाही.

> मंडळी, असाइनमेंट ४ (लिंक्ड लिस्ट) साठी एक प्रस्ताव आहे. मॅडमना विचारून घेतलंय, त्यांची हरकत नाही.
>
> १) ग्रुपवर कोड, कोडचा फोटो किंवा फाइल कोणीच टाकायची नाही. पूर्ण नाही, अर्धा नाही, "फक्त एक फंक्शन" पण नाही.
>
> २) टेस्ट केसेस मात्र सगळ्यांच्या. शीट करतोय, प्रत्येकाने सोमवारपर्यंत दोन टाकायच्या. आउटपुट हाताने काढायचं, प्रोग्रॅम चालवून नाही.
>
> ३) ज्याचं सबमिट झालंय तोच दुसऱ्याच्या कोडमध्ये बघेल. लॅपटॉप ज्याचा, टायपिंग त्याचंच.
>
> ४) अडलात तर असं लिहा: कोणतं इनपुट दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि तुम्ही काय करून बघितलं. "चालत नाहीये" एवढंच लिहू नका, मग आम्हाला कळत नाही.
>
> ५) गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर एक तास लायब्ररीच्या बाहेर बसू. फळ्यावर चित्रं काढू, कोड नाही. उठताना फळा पुसू, फोटो काढायचा नाही.
>
> आदल्या रात्री कोणी कोड मागितला तर नाही म्हणणाऱ्यावर कोणी रागवायचं नाही, हे आत्ताच ठरवू. चालेल का? काही बदल हवे असतील तर सांगा.

शेवटचा परिच्छेद औपचारिक वाटला तरी गाळू नका. कोड मागितला जातो तो सबमिशनच्या आदल्या रात्री. मागणारा घाबरलेला असतो, आणि देणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे मैत्री तोडणं वाटतं. नकाराची परवानगी दोन आठवडे आधी सगळ्यांनी मिळून दिलेली असेल, तर त्या रात्री कोणा एकावर वाईटपणा येत नाही. म्हणूनच असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी हा मेसेज जायला हवा. मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवलेला मेसेज नियम न वाटता टोमणा वाटतो.

टेस्ट केसेस: ज्या मनमोकळेपणाने वाटायच्या

या योजनेतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि बहुतेक गट तो करतच नाहीत. एनपीटीईएलच्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांमध्ये काही टेस्ट केसेस दिसतात आणि काही लपवलेल्या असतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये एक्स्टर्नल परीक्षकही तेच करतात. तुम्ही तयार ठेवलेलं इनपुट बाजूला सारून ते स्वतः एक इनपुट सांगतात. अशा वेळी एकट्याने विचार करून सुचलेल्या दोन-तीन केसेस पुरत नाहीत. गटाचा खरा फायदा इथे होतो, कारण पाच जणांना पाच वेगळ्या ठिकाणी शंका येते.

उदाहरण घेऊ. असाइनमेंट अशी: एकेरी लिंक्ड लिस्टमधून दिलेली किंमत असलेले सगळे नोड काढून टाका आणि उरलेली लिस्ट छापा, काही उरलं नाही तर `EMPTY` छापा. काढायची किंमत ५ धरून गटाने केलेली शीट साधारण अशी दिसेल:

```
लिस्ट          अपेक्षित आउटपुट
7 5 3 9        7 3 9
5 7 3          7 3
7 3 5          7 3
7 5 5 3        7 3
5 5 5          EMPTY
7 3 9          7 3 9
(रिकामी)       EMPTY
```

या सात ओळींमध्ये उत्तराचा एकही शब्द नाही, पण कुठे कुठे चुका होऊ शकतात याचा पूर्ण नकाशा आहे. मधला नोड, पहिला, शेवटचा, लागोपाठचे दोन, सगळेच, एकही नाही, आणि मुळात रिकामी लिस्ट. ही शीट वाचणारा विद्यार्थी कोड लिहिण्याआधीच विचार करू लागतो की पहिला नोड काढला तर `head` कुठे जाईल. तो विचार त्याचा स्वतःचा असतो.

दोन गोष्टी सांभाळा. अपेक्षित आउटपुट प्रोग्रॅम चालवून भरू नका. ज्याचा प्रोग्रॅम रिकाम्या लिस्टला काहीच न छापता थांबतो, तो "आउटपुट: काही नाही" असं भरेल, आणि मग सगळा गट चुकीच्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी धडपडेल. वहीवर चित्र काढून उत्तर भरा, आणि प्रत्येक ओळ दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे तपासावी. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर असाइनमेंटचं वाक्य पुन्हा वाचा. अनेकदा घोळ तिथेच असतो, आणि मॅडमना विचारायचा प्रश्न तयार होतो. दुसरी गोष्ट: टेस्ट केस सुचवताना तिच्या बाजूला "इथे असं करा" असं लिहू नका. "लागोपाठचे दोन" ही नोंद चालते. "इथे prev पुढे नेऊ नका" ही नोंद म्हणजे उत्तर झालं.

अडलेल्याला कसं सोडवायचं: एक पूर्ण उदाहरण

समजा गटातल्या एकीने लिहिलं: "7 3 9 ला बरोबर येतंय. 7 5 3 9 दिलं की माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम बंद पडतो, लॅबमध्ये मात्र 7 3 9 छापतो. printf टाकून बघितलं, काही कळलं नाही." मेसेजमधल्या चौथ्या मुद्द्याप्रमाणे लिहिल्याने अर्धं काम झालं आहे. एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर पडतं, हे वाचूनच अनुभवी माणसाला मेमरीची शंका येईल. मदत करणाऱ्याची असाइनमेंट जमा झालेली आहे. तो तिच्या शेजारी बसतो आणि तिचा कोड पाहतो:

```c
if (p->data == x) {
    prev->next = p->next;
    free(p);
}
prev = p;
p = p->next;
```

चूक त्याला लगेच दिसते. `free(p)` केल्यावर पुढच्याच ओळींमध्ये `p` वापरला आहे. या क्षणी "थांब, मी करून देतो" म्हणणं सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी आहे. त्याऐवजी तो तिला तिचाच प्रोग्रॅम असा कंपाइल करायला सांगतो:

```
gcc -g -Wall -fsanitize=address list.c -o list
```

लिनक्सवर `gcc` असेल तर सहसा वेगळं काही बसवावं लागत नाही. काही मशीनवर या पर्यायाची लायब्ररी नसते. तेव्हा `valgrind ./list` याने तेच काम होतं, मात्र त्याआधी `-fsanitize=address` काढून पुन्हा कंपाइल करावं लागतं. आता प्रोग्रॅम नुसता बंद न पडता सांगून पडतो. स्क्रीनवर `heap-use-after-free` असे शब्द येतात आणि खाली ओळींचे क्रमांक. ही यादी कशी वाचायची, हे शिकवण्यासारखं आहे, आणि इथे मोकळेपणाने शिकवा, कारण ते असाइनमेंटचं उत्तर नाही, हत्यार आहे. पहिला गट सांगतो की वाचन कोणत्या ओळीवर झालं. `freed by` पासून सुरू होणारा गट सांगतो की ती जागा कोणत्या ओळीवर सोडली होती. दोन्ही ओळी तिच्याच कोडमधल्या आहेत.

मग संवाद असा जातो:

"ही जागा कुठे सोडलीस?"

"free(p) ला."

"आणि पुन्हा कुठे वापरलीस?"

"...p = p->next ला. पण लॅबमध्ये चालत होतं ना?"

"सोडलेल्या जागेत जुनी किंमत शिल्लक असेल तर चालल्यासारखं वाटतं. ती राहीलच याची खात्री कोणी देत नाही. आता सांग, सोडून दिल्यावर लागणारी गोष्ट कधी उचलून ठेवायला हवी?"

ती तरीही अडली, तर दुसऱ्या प्रश्नातलं छोटं उदाहरण द्या. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल सगळ्यांना येते:

```c
t = a;
a = b;
b = t;
```

"इथे t कशासाठी लागतो?" एवढं विचारा आणि गप्प बसा. जी किंमत पुसली जाणार आहे ती आधी बाजूला ठेवायची, हा विचार तिने स्वतः लिस्टकडे नेला पाहिजे. असाइनमेंटमधलंच फंक्शन नावं बदलून "उदाहरण" म्हणून देणं म्हणजे उत्तरच देणं. उदाहरणाचा प्रश्न वेगळा हवा, विचार तोच हवा.

ती `p->next` आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये ठेवते. `7 5 3 9` ला सगळीकडे `7 3 9` येतं. इथे बहुतेक जोड्या उठून चहाला जातात. उठू नका, शीट संपवा. `7 5 5 3` दिलं की प्रोग्रॅम पुन्हा तीच तक्रार करतो, कारण नोड काढल्यावरही `prev = p` होतच आहे. म्हणजे `prev` आता सोडून दिलेल्या पाचवर उभा आहे. एकटाच पाच असतो तेव्हा पुढच्या फेरीत `prev` नव्या नोडवर जातो आणि चूक झाकली जाते. लागोपाठ दोन असले की दुसरा पाच काढताना जोडणी सोडलेल्या नोडमध्ये लिहिली जाते, आणि सातचा बाण दुसऱ्या पाचकडेच राहतो.

हे शब्दांत सांगू नका. तिला कागदावर चार चौकोन काढायला लावा, प्रत्येक ओळीनंतर `prev` आणि `p` चे बाण सरकवायला लावा, आणि `free` झालेल्या चौकोनावर फुली मारायला लावा. बाण फुलीवर गेला की ती स्वतः थांबेल. पहिला नोड काढताना `head` चं काय, हा प्रश्न शीटमधली `5 7 3` ही ओळ विचारेल. तोही तुम्ही सांगायची गरज नाही.

एवढ्यात मदत करणाऱ्याने एकही ओळ टाइप केली नाही, स्वतःचा कोड उघडला नाही, आणि तोंडीही कोड सांगितला नाही. तोंडी सांगणं हे इतकं सहज होतं की आपण मदत म्हणून करतोय ते श्रुतलेखन आहे, हे लक्षातच येत नाही. "मग लिही, while, कंसात, पी नॉट इक्वल टू नल" असं सुरू झालं की थांबा.

चर्चा झाली, आता प्रत्येकाने वेगळं लिहायचं

फळ्यावर मिळून विचार केल्यावर सगळ्यांचा कोड सारखा येईल ही भीती खरी आहे, पण ती फळ्यावर काय लिहिलं यावर अवलंबून असते. चित्रं, बाण आणि साध्या मराठीतल्या पायऱ्या लिहिल्या, तर प्रत्येकाचा कोड बऱ्यापैकी वेगळा होतो: कोणी पहिल्या नोडसाठी आधी वेगळा लूप घेतं, कोणी सुरुवातीला एक खोटा नोड जोडतं, कोणी पॉइंटरचा पॉइंटर वापरतं, कोणी रिकर्शन. फळ्यावर सी भाषेतल्या ओळी लिहिल्या, तर मात्र सगळे त्याच उतरवतात.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत यासाठी एक प्रथा आहे: चर्चेतून रिकाम्या हाताने उठायचं, मध्ये अर्धा तास दुसरं काहीतरी करायचं, आणि मगच स्वतःचं लिहायला बसायचं. 'गिलिगन्स आयलंड' या जुन्या टीव्ही मालिकेच्या नावाने ती ओळखली जाते, कारण मधल्या वेळात तसलंच काहीतरी बघा असं सांगितलं जाई. अर्ध्या तासानंतर जे आठवतं ते समजलेलं असतं. जे आठवत नाही ते पुन्हा विचारायचं. मेसेजमध्ये फळा पुसण्याची आणि फोटो न काढण्याची अट यासाठीच आहे.

इथे गट घसरतात

*"फक्त बघायला."* तुम्ही एकीला दिलेली फाइल ती तिसऱ्याला देते, आणि त्याला तुमच्या अटी माहीत नसतात. साम्य सापडलं की कोणी कोणाचं घेतलं हे मशीनला कळत नाही, आणि अनेक ठिकाणी देणारा आणि घेणारा दोघांवर सारखीच कारवाई होते.

*नावं बदलली की झालं.* 'मॉस' हे साम्य शोधणारं साधन १९९४ पासून वापरात आहे आणि जगभरातले शिक्षक ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सर्व्हरवरून वापरतात. चलांची नावं, मोकळ्या जागा, कॉमेंट यांना ते महत्त्व देत नाही. कोडच्या रचनेचे छोटे छोटे तुकडे करून त्यांचे ठसे घेतं आणि जमा झालेल्या प्रत्येक कोडशी ताडून पाहतं. `head` चं `start` केलं तरी ठसा तोच. शिक्षकांनी सगळ्यांना दिलेला सुरुवातीचा कोड त्यातून वगळता येतो, त्यामुळे "सरांनीच दिलेला भाग सारखा आहे" ही सबब टिकत नाही.

*सीनियरची ड्राइव्ह.* गेल्या वर्षीच्या सोडवलेल्या असाइनमेंटचा फोल्डर तुमच्या गटात कोणाकडे तरी असतोच. गटाच्या नियमात त्यालाही धरा. जुने प्रश्न वाचायला हरकत नाही; सोडवलेला फोल्डर उघडला की वरचा सगळा नियम वाया गेला.

*उघडी गिटहब रिपॉझिटरी.* मुदत संपण्याआधी स्वतःचा कोड सार्वजनिक ठेवला, तर तो कोणी घेतला हे तुम्हाला कळणारही नाही. रिपॉझिटरी खासगी करा. ते मोफत आहे.

*ऑनलाइन मदत.* गूगल मीटवर स्क्रीन दाखवायची तर अडलेल्याने दाखवायची. मदत करणाऱ्याने स्क्रीन शेअर केली की दिशा उलटी झाली, आणि स्क्रीनशॉट घ्यायला एक क्षण पुरतो.

गटात एक जण नेहमी आधी पूर्ण करतो आणि बाकीचे त्याच्याभोवती जमतात, असंही होतं. तो दमतो, आणि मग एखाद्या दिवशी सुटका म्हणून फाइल देऊन टाकतो. मदत करणारे असाइनमेंटगणिक बदला. ज्याचं काम अजून झालेलं नाही तोही चाचण्या तपासू शकतो, प्रश्न नीट लिहायला मदत करू शकतो, कागदावरचे बाण सरकवताना शेजारी बसू शकतो.

आदल्या रात्री कोड मागितला तर

नुसतं "नाही" म्हणून फोन बंद करू नका. हे लिहून पाठवता येईल:

> कोड नाही देणार, आपलं ठरलंय. पण आत्ता अर्धा तास आहे माझ्याकडे. तुझा जेवढा झालाय तेवढा उघड, मीटवर ये, स्क्रीन तू दाखव. शीटमधल्या किती केसेस चालतात ते बघू. नाहीच झालं तर जेवढा आहे तेवढा सबमिट कर, आणि काय राहिलं ते वर लिही.

शेवटचं वाक्य अनेकांना सुचत नाही. सातपैकी पाच चाचण्या पार करणारा, "पहिला नोड काढताना चुकतो" अशी प्रामाणिक नोंद असलेला स्वतःचा प्रोग्रॅम टर्म वर्कमध्ये काही ना काही गुण मिळवतो, आणि वायवात त्यावरच्या प्रश्नांना उत्तर देता येतं. मागून आणलेल्या पूर्ण प्रोग्रॅमबद्दल "ही ओळ काढली तर काय होईल?" असं परीक्षकांनी विचारलं की संभाषण तिथेच संपतं.

नोंदी ठेवा, आणि तुमचे हक्क ओळखा

प्रामाणिक गटावरही शंका घेतली जाऊ शकते. छोट्या असाइनमेंटमध्ये योग्य उत्तरं एकमेकांसारखी दिसणारच, आणि साम्य दाखवणारा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. कोड वाचून निर्णय माणसानेच घ्यायचा असतो. तुमच्या बाजूने दोन नोंदी असू द्या.

पहिली, फाइलच्या सुरुवातीला मदतीचा उल्लेख:

```c
/* असाइनमेंट 4: लिंक्ड लिस्ट
   चाचण्या: अभ्यासगटाच्या सामायिक शीटमधून
   मदत: लागोपाठचे नोड काढताना prev चुकत होता,
   हे गटमित्रासोबत कागदावर आकृती काढताना सापडलं.
   कोड स्वतः लिहिलेला. */
```

दुसरी, कोड कसा घडला याचा इतिहास. कामाच्या फोल्डरमध्ये पहिल्या दिवशी `git init` करा. प्रत्येक बैठकीनंतर `git add list.c` आणि मग `git commit` करून एका ओळीची नोंद लिहा. `git log` मध्ये चुकीचा कोड, अर्धा कोड आणि दुरुस्ती तारखांसकट दिसते. एकाच कमिटमध्ये अवतरलेला पूर्ण प्रोग्रॅम आणि आठ दिवस चुकत चुकत सुधारलेला प्रोग्रॅम यांतला फरक कोणत्याही शिक्षकांना लगेच कळतो.

विचारणा झालीच, तर या गोष्टी नम्रपणे मागा:

- कोणत्या भागात साम्य सापडलं ते पाहायला मिळावं.
- स्वतःचा कोड तोंडी समजावून सांगण्याची, शक्य असल्यास त्यात छोटा बदल करून दाखवण्याची संधी मिळावी.
- निर्णय आणि त्याचं कारण लेखी मिळावं.

एकमेकांना सावरण्यासाठी गटाने ठरवून एकच उत्तर देऊ नका. प्रत्येकाने जे घडलं तेच सांगावं. आणि खरंच कोणी कोड दिला किंवा घेतला असेल, तर साम्य सापडायची वाट न पाहता स्वतः जाऊन सांगा. सीएस५० मध्ये तर ७२ तासांच्या आत स्वतःहून सांगणाऱ्यासाठी सौम्य कारवाईचं कलमच आहे. आपल्याकडे असं कलम लिहिलेलं क्वचितच असतं, पण मुदतीच्या दुसऱ्याच दिवशी दाराशी आलेल्या विद्यार्थ्याचं म्हणणं आणि अहवाल समोर ठेवल्यावर दिलेली कबुली यांना सारखं वजन कोणी देत नाही.

ऐकून न घेताच गुण कापले गेले, तर आधी विषय शिकवणाऱ्यांकडे आणि मग विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करा. त्यानेही भागलं नाही, तर युजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे, आणि मूल्यमापनातली अन्यायकारक किंवा अपारदर्शक पद्धत हा तिथे मांडता येणारा विषय आहे. अर्जासोबत `git log` ची प्रत, चाचण्यांची शीट आणि गटाला पाठवलेला तो पहिला मेसेज तारखेसह जोडा.